जिनिंग बंद पडली तर किती जातात? धंद्यावरच्या परिणामाचा हिशेब, पायरीपायरीने

जिनिंगच्या मालकाला विचारा, तुमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं काय? तो प्रेसकडे बोट दाखवेल, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलेला असतो. फिटरला विचारा, तो डबल रोलर मशीनच्या लाइनीकडे नेईल, कारण त्याची रात्र तिथेच जाते. मुनीम सांगेल, कॉम्प्युटर. तिघंही आपापल्या जागी खरे आहेत. पण कोणती गोष्ट किती वेळ बंद राहिली तर किती रुपये जातात, हे तिघांपैकी कुणीच मोजलेलं नसतं. हे मोजण्याच्या पद्धतीला बिझनेस इम्पॅक्ट अॅनालिसिस म्हणतात. धंदा अडचणीतही चालू ठेवण्यासाठी आयएसओ २२३०१ नावाचं एक मानक आहे, त्यात ही पायरी सक्तीची आहे. आपल्याला प्रमाणपत्र नको असलं तरी त्यातला हिशेब आपल्या कामाचा आहे आणि तो एका वहीत बसतो.

उदाहरण म्हणून पांढरकवडा, राळेगाव, हिंगणघाट या भागात असते तशी एक मध्यम जिनिंग-प्रेसिंग घेऊ. चोवीस डबल रोलर म्हणजे डीआर मशीन, एक प्रेस, एक वजनकाटा, गंजीसाठी आवार, गाठींचं गोदाम आणि एक ऑफिस. आकडे नमुन्याचे आहेत आणि हिशेब सोपा जावा म्हणून गोल केलेत. तुमच्या वहीत तुमचे आकडे टाका, पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: मशीनची नाही, कामांची यादी करा

नवीन माणूस इथेच घसरतो. तो मोटार, बेल्ट, पंप, रोलर असं लिहीत सुटतो आणि दीडशे ओळींची यादी होते. आपल्याला कामं लिहायची आहेत, म्हणजे ज्यातून पुढच्याला काहीतरी मिळतं अशा गोष्टी. जिनिंगमध्ये मोठी कामं पाचच निघतात. गाडी काट्यावर घेऊन कापूस खरेदी करणं. कापसाची रुई आणि सरकी वेगळी करणं. रुईची गाठ बांधणं. शेतकऱ्याला चुकारा देणं. गाठी आणि सरकी ट्रकमध्ये भरून कागदपत्रांसह रवाना करणं. सहावं-सातवं काम तुमच्याकडे असेल तर जोडा, पण दहाच्या वर जाऊ नका.

वीज या यादीत येत नाही. वीज हे काम नाही, सगळ्या कामांच्या खालचा आधार आहे. तिचा नंबर पुढे येईल. तसंच आग, वादळ, ट्रान्सफॉर्मर जळणं ही कारणं आहेत. काम कशामुळे बंद पडेल, हा वेगळा प्रश्न आणि वेगळा कागद. इथे एवढंच विचारायचं: कशामुळेही असो, हे काम थांबलं तर काय जातं? दोन्ही प्रश्न एकत्र केले की माणसं ‘असं कधी होतच नाही’ म्हणून ओळच खोडून टाकतात.

यादी ऑफिसात बसून करू नका. काट्यावरचा कारकून, फिटर, प्रेसवाला आणि हमालांचा मुकादम यांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नाही, कारण मालकासमोर मुकादम बोलत नाही. प्रश्न सरळ ठेवा. आमच्याकडे तो असा विचारला जातो: ‘भाऊ, हे बंद पडलं तं पयले कोन बोंबलते, अन् किती वेळानं?’ या दोन उत्तरांत निम्मा हिशेब येतो.

दुसरी पायरी: एका गाठीत हातात काय उरतं ते काढा

एका गाठीत साधारण १७० किलो रुई असते. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर तिच्यासाठी पाच क्विंटल कापूस लागतो. त्यातून ३२० किलो सरकी निघते आणि १० किलो घट जाते.

आता पैसे. कापूस क्विंटलला ७,००० रुपये धरला तर पाच क्विंटलचे ३५,००० झाले. रुई विकून २५,९०० आणि सरकी विकून १०,५०० आले, म्हणजे एकूण ३६,४००. गाठ बनली तरच होणारा खर्च, म्हणजे त्या गाठीची वीज, पट्टी, वरचं कापड आणि गाठीमागे ठरलेली हमाली, हा ६०० रुपये धरू. हातात राहिले ८००.

लाइन तासाला ८ गाठींचा माल काढते आणि सीझनमध्ये दिवसाला २० तास चालते. उरलेले चार तास सफाई, रोलरची दुरुस्ती, सुऱ्यांची धार यात जातात. म्हणजे दिवसाला १६० गाठी आणि ८०० क्विंटल कापूस. तासाला ६,४०० रुपये, दिवसाला १,२८,०००. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे, म्हणून त्यातल्या दोन चुका आधी सांगतो.

पहिली चूक विक्रीची किंमत धरण्याची. ८ गाठी गुणिले ३६,४०० म्हणजे तासाला २,९१,२०० रुपये बुडाले, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. मशीन थांबली म्हणून कापूस जळाला नाही, तो गंजीत पडून आहे. गेलं असेल तर ते ८०० रुपये, ३६,४०० नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. लाइन बंद असताना रोजंदारीची माणसं बसून राहतात, त्यांची मजुरी द्यावी लागते. महावितरणचा डिमांड चार्जही भरावा लागतो आणि बँकेचं व्याजही चालू असतं. मग हे सगळं ६,४०० मध्ये मिळवायचं का? नाही. आपण गाठीमागे फक्त वाचणारा खर्च वजा केला होता, रोजंदारी आणि डिमांड चार्ज वजा केलेच नव्हते. ते या ८०० मधूनच भागतात. पुन्हा मिळवले तर तोच पैसा दोनदा मोजला जाईल. मागे पडलेलं काम नंतर भरून काढायला जी जादा मजुरी लागते, ती मात्र नवी आहे. ती पुढे येते.

आकडा बरोबर आहे का, ते तपासायची सोपी खूण आहे. दिवसाचा आकडा सीझनच्या दिवसांनी गुणा. १,२८,००० गुणिले १०० दिवस म्हणजे १ कोटी २८ लाख. तुमच्या नफा-तोटा पत्रकात पगार, रोजंदारी, डिमांड चार्ज, व्याज, घसारा वजा होण्याआधीचा नफा याच्या आसपास असेल तर ठीक. त्याच्या दुप्पट निघालं तर कुठेतरी दोनदा मोजलंय.

तिसरी पायरी: गेलं की लांबलं?

ही पायरी सगळ्यात जड आहे आणि क्रमवारी इथेच उलटते. प्रत्येक कामासाठी विचारा: बंद काळात जे झालं नाही, ते नंतर होईल का? झालं तर नुकसान फक्त उशिराचं. नाही झालं तर पूर्ण ८०० गेले.

आधी जिनिंगची लाइन घ्या. एक दिवस बंद राहिली. खरेदी चालूच आहे, गंजीत ८०० क्विंटल जादा पडले. आवारात जागा आहे. उद्यापासून रोजच्या चार मोकळ्या तासांपैकी दोन तास लाइन चालवली तर मागे पडलेले २० तास दहा दिवसांत भरून निघतात. चारही तास चालवू नका. तो वेळ देखभालीचा आहे, तो खाल्ला तर रोलर भाजतात, रुई खराब येते आणि पुन्हा लाइन बंद.

याचा खर्च किती? जादा तासाला १,००० रुपये मजुरी धरली तर २० तासांचे २०,०००. दिवसाच्या कापसात ५६ लाख रुपये अडकतात, त्यावर वर्षाला १० टक्के व्याज म्हणजे रोजचे साधारण १,५३४. दहा दिवसांत ते हळूहळू मोकळे होतात, म्हणून सरासरी पाच दिवसांचं व्याज धरू: ७,७००. एकूण २८,००० च्या आत. १,२८,००० नाही. मजुरी बंदच्या दिवसांइतकीच वाढते, व्याज मात्र चौपटीने: बंद दुप्पट झालं की अडकलेला माल दुप्पट होतो आणि तो सुटायलाही दुप्पट दिवस लागतात.

आता काटा घ्या. खरेदी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. साठेक गाड्या येतात, ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप, एखादा ट्रक. काटा बंद पडला तर पहिले दोन तास गाड्या रांगेत उभ्या राहतात, चहा होतो, कुणी जात नाही. त्यानंतर पहिली पिकअप वळते, कारण तिचं भाडं वाढतं आहे आणि रस्त्यावर दुसरी जिनिंग आहे. वळलेली गाडी परत येत नाही. तो कापूस या सीझनमधून गेला, म्हणजे त्याच्या गाठी कायमच्या गेल्या. हा कापूस नंतर क्विंटलमागे थोडा जादा दर देऊन दुसरीकडून मिळत असेल तर नुकसान त्या जादा दराएवढंच धरा. इथे मात्र शेजारच्या जिनिंगाही खरेदीला बसल्यात आणि तो परत मिळत नाही असं धरू.

दिवसाचे १,२८,००० खरेदीच्या नऊ तासांत वाटले तर तासाला १४,२०० येतात. म्हणजे काट्याचा एक तास लाइनीच्या तासाच्या दुपटीहून महाग आहे, आणि लाइनीचा तास तर बहुतेक वेळा परत मिळतो. काट्याची पर्यायी सोय असेल तर तीही मोजा. तीन किलोमीटरवर खासगी धर्मकाटा आहे. तिथे भरलेली आणि रिकामी गाडी मिळून दोन वजनांचे २०० रुपये आपण दिले तर निम्म्या गाड्या थांबतील. मग तासाला ७,१०० आणि वरची फी, मिळून ७,८०० च्या आत जातात.

प्रेस मध्ये येते. ती थांबली तर सुटी रुई साठवायला साधारण तीन तासांची जागा आहे, तोवर मशीन चालत राहते. जागा भरली की लाइन थांबवावी लागते. आपली प्रेस तासाला १२ गाठी बांधू शकते आणि लाइन ८ चा माल देते. म्हणजे तीन तासांचा साठा पुढच्या सहा तासांत निघतो. प्रेसचं नुकसान म्हणून लाइनीसारखंच, फक्त तीन तास उशिरा सुरू होणारं.

चुकाऱ्याचं गणित वेगळं. आज नेट बँकिंग बंद, चुकारा गेला नाही. आजचं नुकसान शून्य. उद्या गावात बातमी पोचते. किती आवक तुटेल हे अंदाजाने लिहू नका, तुमच्याच काट्याच्या रजिस्टरमध्ये उत्तर आहे. मागच्या सीझनमध्ये बँकेला लागून सुट्ट्या आल्या तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किती गाड्या आल्या ते पाहा. आपल्या नमुन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पाव आवक तुटते, चौथ्यापासून निम्मी. चुकारे सुरू झाल्यावरही सगळ्या गाड्या लगेच परत येत नाहीत, पण तो भाग मी खाली धरलेला नाही.

राहिली रवानगी. ई-वे बिलाशिवाय गाठींचा ट्रक हलत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या आणि परराज्यात ५० हजारांच्या वरच्या मालाला ते लागतं, आणि ट्रकभर गाठी म्हणजे कित्येक लाख. पण ते कोणत्याही फोनवरून बनतं. अडचण एकच: पासवर्ड मुनीमाच्या डोक्यात आणि ओटीपी त्याच्या फोनवर. मुनीम लग्नाला गेला की रवानगी बंद. एका दिवसाला ट्रकचा खोळंबा ३,००० आणि अडकलेल्या पैशाचं व्याज हजारभर. फारसं नाही.

चौथी पायरी: पैशाची भिंत शोधा

आत्तापर्यंत वाटलं असेल की लाइन बंद पडली तरी फार बिघडत नाही. काही दिवस खरंच बिघडत नाही, मग एकदम बिघडतं. कुठे, ते शोधायचं.

सगळे जण आवाराची जागा मोजतात. ८,००० क्विंटल मावतात, ४,००० पडलेत, म्हणजे पाच दिवस खरेदी करता येईल. हे बरोबर आहे, पण पाचवा दिवस येतच नाही. रोज ५६ लाखांचा कापूस घ्यायचा आणि गाठ एकही विकायची नाही, तर कॅश क्रेडिटची मर्यादा आधी संपते. समजा खात्यात अजून १ कोटी १२ लाख उचलता येतात, म्हणजे दोन दिवसांची खरेदी. आधी रवाना झालेल्या मालाचे एका दिवसाएवढे पैसे यायचे आहेत. मिळून तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी गाडी दारात आहे, काटा चालू आहे, आवारात जागा आहे, आणि चुकाऱ्याला पैसे नाहीत. तिथून पुढे लाइनीचा बंद दिवस म्हणजे खरेदीचा बुडालेला दिवस, पूर्ण १,२८,०००.

रवानगी बंद राहिली तरी हीच भिंत लागते, फक्त थोडी उशिरा, कारण सरकीचे पैसे येत राहतात. गाठी अडकल्या तर साधारण चार दिवसांनी खरेदी जवळपास ७० टक्क्यांनी कापावी लागते.

तुमची भिंत कोणत्या दिवशी आहे, हे बँकेच्या पासबुकात आणि येणे रकमेच्या यादीत दिसतं. ती डिसेंबरात वेगळी आणि नोव्हेंबरात वेगळी असेल. फिटर हा आकडा सांगू शकत नाही आणि मुनीम तो न विचारता सांगत नाही.

पाचवी पायरी: चार वेळांवर पैसे लिहा

प्रत्येक कामासाठी चार आकडे: चार तास, एक दिवस, तीन दिवस, सात दिवस. आकडे बंद सुरू झाल्यापासूनचे एकूण आहेत, रोजचे नाहीत.

| काम | ४ तास | १ दिवस | ३ दिवस | ७ दिवस |
|---|---|---|---|---|
| काटा आणि खरेदी (बाहेरचा काटा धरून) | १६,००० | ५५,००० | १,९५,००० | ४,७५,००० |
| जिनिंगची लाइन | ४,३०० | २८,००० | १,३०,००० | ६,४२,००० |
| प्रेस | १,००० | २३,००० | १,२०,००० | ६,३०,००० |
| चुकारा | ० | ० | ६४,००० | ३,२०,००० |
| गाठींची रवानगी | ० | ४,००० | १६,००० | ३,००,००० |

तक्ता उभा वाचा. चार तासांच्या रकान्यात काटा लाइनीच्या जवळपास चौपट आहे. एका दिवसालाही दुप्पट. चौथ्या दिवसापर्यंत काटा पुढेच राहतो आणि पाचव्या दिवशी लाइन त्याला मागे टाकते, कारण पैशाची भिंत लागलेली असते. म्हणून ‘सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं’ याचं एका शब्दात उत्तर नाही. किती वेळ बंद, हे आधी सांगावं लागतं.

आकडे शंभराच्या घरात अचूक करण्यात वेळ घालवू नका. ५५,००० च्या जागी ४८,००० निघाले तरी क्रम बदलत नाही. बदलत असेल तर ती दोन कामं एकाच पायरीवर धरा.

सहावी पायरी: क्रम लावा, पण रुपयांनी नाही, वेळेने

आता मालकाला एकच प्रश्न विचारायचा: एका बंदमध्ये किती गेले तरी झोप लागेल? हा निर्णय त्याचा आहे, हिशेब करणाऱ्याचा नाही. समजा तो म्हणाला ५०,०००. मग प्रत्येक काम ही रेघ कधी ओलांडतं ते पाहा.

काटा पहिल्याच दिवशी संध्याकाळी ओलांडतो. लाइन दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. प्रेस तिच्यामागे दोन-तीन तासांनी. चुकारा तिसऱ्या दिवशी. रवानगी पाचव्या. हाच तुमचा क्रम. मानकाच्या भाषेत या वेळेला सहन होण्याची कमाल मुदत म्हणतात, आणि काम त्याच्या आत सुरू व्हायलाच हवं, म्हणून लक्ष्य थोडं आधीचं ठेवतात. काट्यासाठी चार तास, लाइन आणि प्रेससाठी एक दिवस, चुकाऱ्यासाठी दीड दिवस, रवानगीसाठी तीन दिवस. ही लक्ष्यं अशीच घेऊ नका, तुमच्या रेघेवरून काढा.

रेघ १ लाखावर नेली तरी काटा पहिला राहतो. २ लाखांवर नेली तर काटा, लाइन आणि प्रेस तिन्ही चौथ्या दिवसाच्या आसपास एकत्र येतात. मालकाला हे दाखवा, कारण मोठी रक्कम सांगितली की तो जास्त तयारीवर खर्च करणं टाळतो आहे, हे त्याला तक्त्यात दिसतं.

सातवी पायरी: प्रत्येक काम कशावर उभं आहे

क्रम लागल्यावर वरच्या तीन कामांसाठी खालचे आधार लिहा: माणूस, मशीनचा भाग, वीज, माहिती, बाहेरचा कुणी. खालच्या कामांसाठी आत्ता नको, वही कंटाळवाणी होते.

लाइनीच्या खाली सरकी उचलणारा कन्व्हेअर सापडेल. रुई वरून जाते, सरकी खाली पडते. तो बेल्ट थांबला तर अर्ध्या तासात मशीनखाली सरकी तुंबते आणि चोवीसच्या चोवीस मशीन बंद. एका डीआर मशीनचा रोलर गेला तर चोविसावा भाग जातो. कन्व्हेअरच्या साध्या गिअरबॉक्सला मात्र पूर्ण लाइनीचा नंबर मिळतो. आधाराला नेहमी त्याच्यावर उभ्या असलेल्या सगळ्यात महागड्या कामाचा नंबर द्यायचा. या नियमाने वीज आपोआप सगळ्यात वर येते, कारण तिच्यावर काटासुद्धा आहे. आणि लगेच दिसतं की पूर्ण जिनिंग चालेल एवढा जनरेटर परवडत नसला तरी काटा आणि ऑफिस चालेल एवढा लहान जनरेटर किंवा इन्व्हर्टर पहिल्या नंबरचं काम वाचवतो.

काट्याच्या खाली लोड सेल, त्यांच्या केबली आणि वजन दाखवणारा डिस्प्ले आहे. खड्ड्यात साचलेलं पाणी, केबल कुरतडणारे उंदीर आणि वीज पडणं ही त्यांची नेहमीची दुखणी. इथे एक आधार हमखास सुटतो. काट्याची दुरुस्ती झाली की वैधमापन शास्त्र विभागाकडून तो पुन्हा तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो, त्याशिवाय त्यावर व्यवहार करता येत नाही. मेकॅनिक म्हणतो, सेल दोन तासांत बसवतो. तो खोटं बोलत नाही. पण तुमचा काटा दोन तासांत सुरू होत नाही, शिक्का लागल्यावर सुरू होतो. आधारांच्या रकान्यात दुरुस्तीचा वेळ नाही, काम पुन्हा सुरू होण्याचा वेळ लिहा. तो एक-दोन दिवसांचा निघाला आणि लक्ष्य चार तासांचं असेल तर ही दरी मेकॅनिक बदलून भरत नाही. ती बाहेरच्या धर्मकाट्याशी आधीच बोलून ठेवल्याने भरते: दर काय, सकाळी किती वाजता उघडतो, रोज साठ गाड्या झेपतील का, पावतीवर काय लिहायचं.

माणसांमध्ये एकट्यावर उभं असलेलं काम शोधा. प्रेसचं हायड्रॉलिक एकालाच कळतं का? चुकाऱ्याच्या फाइलला बँकेत मंजुरी देणारा एकच जण आहे का? त्या नावासमोर दुसरं नाव नसेल तर तो रिकामा रकाना लाल शाईने ठेवा. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य लॉगिनखाली दुसऱ्या माणसासाठी वेगळं लॉगिन काढता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, आणि मुनीमाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवायची वेळही येत नाही.

हिशेब कुठे पुरत नाही

वरचा तक्ता डिसेंबर-जानेवारीचा आहे. मार्चमध्ये फरदडीचा कापूस येऊ लागतो, आवक दिवसाला २०० क्विंटलवर येते आणि लाइन पंधरा तास रिकामी असते. तेव्हा लाइनीचा एक बंद दिवस जवळपास फुकट पडतो, काटाही दिवसाला १५-२० हजारांवर उतरतो. उलट तेव्हा तयार गाठी पडून असतात आणि रुईचा भाव हलतो, म्हणून रवानगी वर सरकते. वर्षाचा एकच सरासरी तक्ता केलात तर तो एकाही महिन्याला खरा नसतो. दोन करा: भरात असलेल्या सीझनचा एक आणि उतरत्या सीझनचा एक.

ओल्या कापसाची गंजी हाही तक्त्याबाहेरचा भाग आहे. अवकाळी पाऊस झाला आणि लाइन बंद असेल तर गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते आणि उशिराच्या नुकसानीत प्रतीची नुकसानी मिळते. त्या आठवड्यात लाइनीच्या आकड्याशेजारी हाताने टीप लिहा.

आणि काही कामांना रुपये लावूच नयेत. अग्निशमनाची पाइपलाइन आणि पाण्याची टाकी बंद असल्याने दिवसाला शून्य रुपये जातात, म्हणून ती या क्रमात तळाला जाईल. तिला क्रमात घेऊच नका. वेगळ्या कागदावर ‘ही बंद असेल तर जिनिंग चालवायची नाही’ असं लिहून फिटर आणि मुकादम दोघांची सही घ्या. सुऱ्यांवरचं आणि बेल्टवरचं जाळीचं झाकणही त्याच कागदावर.

वही दसऱ्याच्या आधी, काटा आणि मशीनची सीझनपूर्व तपासणी चालू असताना भरा, कारण तेव्हा फिटर मोकळा असतो आणि मेकॅनिक आवारातच असतात. मग सीझनमध्ये प्रत्येक खऱ्या बंदची एक ओळ लिहायची: किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं, किती गाड्या वळल्या. गाड्या वळल्याची नोंद कुणी ठेवत नाही. ती फाटकावरच्या चौकीदाराकडे द्या, रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवून. जानेवारीच्या मध्याला त्या ओळी तक्त्याशेजारी ठेवा. पहिल्या दोन तासांत गाड्या वळत नाहीत, असं आपण धरलं होतं. चौकीदाराच्या रकान्यात पाऊण तास निघाला, तर काट्याचे चारही आकडे नव्याने काढायचे आणि धर्मकाट्याशी झालेली बोलणीही पुन्हा करायची.